भावातली न कमावलेली रक्कम: हिंदुस्थान युनिलिव्हरच्या शेअरचं एक प्रकरण

मार्च २०२४ च्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवशी हिंदुस्थान युनिलिव्हरचा शेअर साधारण २,२६४ रुपयांवर बंद झाला. त्याच महिन्यात संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीने प्रत्येक शेअरमागे ४३ रुपये ५ पैसे नफा कमावला आणि त्यातले ४२ रुपये लाभांश म्हणून वाटले. मुंबईत अंधेरीला मुख्यालय असलेली, सर्फ आणि लाइफबॉयपासून हॉर्लिक्सपर्यंत घराघरात पोचलेली ही कंपनी. तिच्या एका शेअरमागे वर्षाच्या शेवटी कंपनीकडे राहिला तो १ रुपया ५ पैसे.

हे तीन आकडे शेजारी ठेवले की एक प्रश्न पडतो. पाठ्यपुस्तकातला नियम सांगतो की कंपनी वाढते ती राखून ठेवलेल्या नफ्यावर: नफ्याचा जेवढा हिस्सा मागे ठेवाल, त्याला नव्या गुंतवणुकीवरच्या परताव्याने गुणा, म्हणजे वाढीचा दर मिळतो. इथे मागे ठेवलेला हिस्सा जेमतेम अडीच टक्के. तरीही बाजार नफ्याच्या बावन्न-त्रेपन्न पट भाव देतो. अशी पट फक्त वाढीसाठीच दिली जाते. मग ही वाढ येणार कुठल्या पैशातून? या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला तर शेअरच्या भावात ‘वाढीच्या संधींचं आजचं मूल्य’ कसं बसलेलं असतं, ते मोजताना कुठे पाय घसरतो आणि ते मूल्य गुंतवणूकदाराकडून काय मागतं, हे बऱ्यापैकी उलगडतं. खालचे सगळे आकडे कंपनीच्या स्वतंत्र ताळेबंदावरचे आहेत, उपकंपन्या धरून नाहीत.

भावाचे दोन तुकडे

आधी भाव फोडून घेऊ. समजा, या कंपनीने उद्यापासून वाढायचं थांबवलं. यंत्रं झिजली तर बदलायची, आहे तेवढा माल विकायचा आणि सगळा नफा दरवर्षी भागधारकांच्या हातात ठेवायचा. अशा कंपनीचा शेअर म्हणजे दरवर्षी ४३ रुपये देणारा, कधीही न संपणारा रोखा. त्याची किंमत काढायची तर नफ्याला आपल्या अपेक्षित परताव्याच्या दराने भागायचं. १२ टक्के दर धरला तर ४३.०५ भागिले ०.१२, म्हणजे साधारण ३५९ रुपये.

भाव होता २,२६४. उरले १,९०५ रुपये. हेच वाढीच्या संधींचं आजचं मूल्य. शेअर बाजारातली मंडळी इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला पीव्हीजीओ म्हणतात. भावाचे सुमारे ८४ टक्के. थोडक्यात, त्या दिवशी शेअर घेणाऱ्याने मोजलेल्या दर १०० रुपयांतले १६ रुपये आजच्या धंद्यासाठी होते आणि ८४ रुपये अजून न घडलेल्या गोष्टींसाठी.

काटेकोरपणे बघायचं तर इथे गेल्या वर्षीचा नफा न घेता पुढच्या वर्षीचा घ्यायला हवा. नफा ८ टक्क्यांनी वाढेल असं धरून ४६ रुपये ५० पैसे घेतले तरी पहिला तुकडा ३८७ रुपयांवर जातो आणि वाढीचा वाटा ८३ टक्के राहतो. चित्र बदलत नाही, म्हणून पुढे प्रत्यक्ष जाहीर झालेला आकडाच वापरतो.

१२ टक्के कुठून आले, हा रास्त प्रश्न आहे. त्या वेळी दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर साधारण ७.१ टक्के मिळत होते. शेअरची जोखीम घ्यायची तर त्यावर चार-पाच टक्के जास्त हवेत, असं मानणारा गुंतवणूकदार ११-१२ टक्क्यांवर येतो. हा दर कुठल्याही अहवालात छापलेला मिळत नाही. तो आपणच ठरवायचा असतो. शेवटी त्याच्याकडे परत यावं लागणार आहे, कारण या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची तडजोड तिथेच दडलेली आहे.

राखलेला रुपया मूल्य कधी वाढवतो

आता वाढीच्या तुकड्याच्या आत शिरू. कंपनीने नफ्यातले १०० रुपये भागधारकांना न देता धंद्यात घातले, असं समजा. त्यातून दरवर्षी १२ रुपये मिळत राहिले तर त्या १२ रुपयांच्या प्रवाहाचं १२ टक्के दराने आजचं मूल्य बरोबर १०० रुपये होतं. शंभर घातले, शंभरचं मूल्य आलं. कंपनी मोठी झाली, विक्री वाढली, नफा वाढला, पण भागधारकाच्या पदरात काहीच पडलं नाही. दरवर्षी ८ रुपयेच मिळाले तर मूल्य ६७ रुपये, म्हणजे ३३ रुपयांचा तोटा. अशी कंपनी जितकी वेगाने वाढेल तितकी भागधारकाला गरीब करेल. आणि दरवर्षी ४८ रुपये मिळाले तर त्याचं मूल्य ४०० रुपये: घातलेले १०० वजा जाता ३०० रुपयांची निव्वळ भर.

म्हणून ‘कंपनी वाढतेय’ एवढ्यावर पीव्हीजीओ ठरत नाही. नव्या गुंतवणुकीवरचा परतावा अपेक्षित दरापेक्षा किती वर आहे, त्यावर ते ठरतं. फरक शून्य असेल तर नफ्यातले नव्वद टक्के राखून ठेवले तरी पीव्हीजीओ शून्यच.

आता ही भर दरवर्षी पडत राहते. यंदा राखलेल्या पैशातून नफा वाढला की पुढच्या वर्षी त्याच प्रमाणात जास्त पैसा राखला जातो, त्यातून आणखी भर पडते. या वाढत जाणाऱ्या भरींची बेरीज आजच्या मूल्यात काढली की सूत्र असं दिसतं:

```
पीव्हीजीओ = पहिल्या वर्षीची निव्वळ भर ÷ (अपेक्षित दर − वाढीचा दर)

पहिल्या वर्षीची निव्वळ भर
  = राखलेला नफा × (नवा परतावा ÷ अपेक्षित दर − 1)

वाढीचा दर = राखलेला हिस्सा × नवा परतावा
```

उलट दिशेने हिशोब

हे सूत्र पुढच्या दिशेने वापरायला गेलं की सगळं आपल्या अंदाजावर उभं राहतं. त्यापेक्षा भावापासून मागे यावं आणि बाजार काय गृहीत धरतोय ते विचारावं, हे मला जास्त प्रामाणिक वाटतं.

लाभांश ४२, भाव २,२६४. भागाकार १.८५५ टक्के. लाभांश कायम एकाच दराने वाढत राहणार असेल तर अपेक्षित दर आणि वाढीचा दर यांतला फरक एवढाच असायला हवा. अपेक्षित दर १२ टक्के धरला तर वाढीचा दर १०.१५ टक्के, आणि तोही कायमचा.

राखलेला हिस्सा आहे २.४४ टक्के. वाढीचा दर म्हणजे राखलेला हिस्सा गुणिले नवा परतावा, हे खरं मानलं तर नवा परतावा किती हवा? १०.१५ भागिले २.४४: म्हणजे ४१६ टक्के. राखलेल्या दर शंभर रुपयांवर दरवर्षी, कायम, ४१६ रुपयांचा जास्तीचा नफा. गणित चुकलेलं नाही. हे आकडे सूत्रात घातले तर १,९०५ रुपयांच्या आसपासच उत्तर येतं. पण असा धंदा जगात नसतो. एवढं विचित्र उत्तर आलं की समजावं, आपण भरलेल्या आकड्यांपैकी एखादा जे दाखवतोय असं वाटतं ते दाखवत नाहीये. इथे तो आकडा आहे राखलेला नफा.

राखलेला नफा कुठे लपलाय

ताळेबंदात गुंतवणूक म्हणून दिसतं ते कारखाना, यंत्रं, गोदामं, माल. साबण आणि शांपू विकणाऱ्या कंपनीची खरी गुंतवणूक मात्र लोकांच्या डोक्यात असते. हिंदुस्थान युनिलिव्हरने त्या वर्षी जाहिरात आणि प्रसिद्धीवर सुमारे ६,४०० कोटी रुपये खर्च केले. विक्री साठ हजार कोटींच्या आसपास, म्हणजे दर दहा रुपयांच्या विक्रीमागे एक रुपयाहून जास्त. हा पैसा नफा मोजण्याआधीच वजा होतो, कारण हिशोबाचे नियम स्वतः घडवलेल्या ब्रँडला मालमत्ता म्हणून दाखवू देत नाहीत.

यातला सगळा खर्च गुंतवणूक आहे असं मी म्हणणार नाही. मोठा भाग आहे ती जागा टिकवण्यासाठी जातो; जाहिरात थांबवली तर दोन-चार वर्षांत गिऱ्हाईक दुसऱ्या वडीकडे वळेल. पण नवा प्रकार आणणं, महाग वस्तूची सवय लावणं, कपडे धुण्याची पावडर वापरणाऱ्या घरात द्रवरूप साबण पोचवणं, यावर होणारा खर्च सरळ सरळ पुढच्या दहा वर्षांसाठीचा आहे. अर्धा टिकवण्यासाठी आणि अर्धा वाढीसाठी असं धरू. ही अर्ध्याची वाटणी माझी आहे, कंपनीने सांगितलेली नाही.

३,२०० कोटी वाढीसाठी. त्यावर वाचलेला साधारण पंचवीस टक्के कर वजा केला तर २,४०० कोटी. आता जाहीर नफा १०,११४ कोटी अधिक २,४०० कोटी, म्हणजे १२,५१४ कोटी. कंपनीचे शेअर सुमारे २३५ कोटी, त्यामुळे शेअरमागे नफा ५३ रुपये २६ पैसे. लाभांश तोच, ४२ रुपये. राखलेले झाले ११ रुपये २६ पैसे आणि राखलेला हिस्सा २१ टक्के.

नवा परतावा आता ४८ टक्के निघतो. ४१६ वरून ४८! वाढ न करणाऱ्या कंपनीचं मूल्य ४४४ रुपये होतं. राखलेल्या ११ रुपये २६ पैशांवर पहिल्या वर्षीची निव्वळ भर तिप्पट, म्हणजे ३३ रुपये ७८ पैसे, तिला १.८५५ टक्क्यांनी भागलं की १,८२१ रुपये. ४४४ अधिक १,८२१, भाव जुळला. पीव्हीजीओचा वाटा ८४ वरून ८० टक्क्यांवर आला. वाटा फार हलला नाही, पण त्यामागची गोष्ट अशक्य होती ती आता तपासता येण्याजोगी झाली.

जाहिरातीच्या जोडीला आणखी एक लपलेला स्रोत आहे. या कंपनीला पुरवठादार उधारी देतात आणि वितरक मात्र लवकर पैसे चुकते करतात. त्यामुळे विक्री वाढली की खेळतं भांडवल अडकण्याऐवजी उलट मोकळं होतं. बहुतेक छोट्या उद्योजकांना याचं मोल लगेच कळेल, कारण त्यांच्याकडे धंदा वाढला की आधी उधारी वाढते आणि बँकेच्या दारात जावं लागतं. इथे पुरवठादारांचा पैसाच वाढीला हातभार लावतो आणि त्यासाठी नफा राखावा लागत नाही.

आठ हजारांवरून सत्तेचाळीस हजारांवर

४८ टक्के परतावा जास्त वाटतो का? हे ठरवायला माणूस पहिल्यांदा कंपनीचा नक्त मूल्यावरचा, म्हणजे ताळेबंदात भागधारकांच्या नावे असलेल्या पैशावरचा, परतावा बघतो. मार्च २०२४ मध्ये नक्त मूल्य पन्नास हजार कोटींच्या थोडं वर आणि नफा १०,११४ कोटी, म्हणजे जेमतेम २० टक्के. यावरून कोणी म्हणेल की ४८ टक्के म्हणजे स्वप्नरंजन.

पण मार्च २०१९ कडे जा. तेव्हा नफा ६,०३६ कोटी आणि नक्त मूल्य ७,६५९ कोटी, परतावा ८० टक्क्यांच्या आसपास. पाच वर्षांत धंदा इतका बिघडला का? मुळीच नाही. १ एप्रिल २०२० पासून ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कन्झ्युमर हेल्थकेअर ही हॉर्लिक्स आणि बूस्टवाली कंपनी विलीन झाली. तिच्या प्रत्येक शेअरमागे हिंदुस्थान युनिलिव्हरने आपले ४.३९ शेअर दिले. त्या नव्या शेअरांची तेव्हाच्या बाजारभावाने होणारी किंमत, चाळीस हजार कोटींच्या आसपास, ताळेबंदात चढली: एका बाजूला ब्रँड आणि नावलौकिक म्हणून, दुसऱ्या बाजूला भागधारकांचं भांडवल म्हणून. नक्त मूल्य एका वर्षात सुमारे आठ हजार कोटींवरून सत्तेचाळीस हजार कोटींवर गेलं. साबण तेच, कारखाने बहुतांशी तेच, भागाकारातला छेद मात्र सहापट.

म्हणून नव्या गुंतवणुकीवरच्या परताव्याच्या जागी छापील २० टक्के घालणं चूक आहे. तो आकडा म्हणजे स्वतः उभारलेल्या धंद्याचा फार मोठा परतावा आणि विकत घेतलेल्या धंद्याचा फार छोटा परतावा यांची सरासरी. विलीनीकरणाआधी त्या कंपनीचा वार्षिक नफा हजार कोटींच्या आत-बाहेर होता. चाळीस हजार कोटींच्या मोबदल्यावर हजार कोटी म्हणजे सुरुवातीला अडीच टक्के. वरच्या तर्काने बघितलं तर हे मूल्य बुडवणंच म्हणायला हवं. पण मोबदला रोखीत दिला नव्हता. नफ्याच्या सत्तरपट भावाला असलेल्या स्वतःच्या शेअरांत दिला होता. म्हणजे एका कंपनीने आपलं पीव्हीजीओ देऊन दुसरीचं पीव्हीजीओ घेतलं. असा सौदा फायद्याचा झाला की नाही हे हॉर्लिक्स किती घरांत नव्याने शिरलं यावर ठरतं, पहिल्या वर्षाच्या टक्केवारीवर नाही.

यातून एक सवय लावून घ्यायला हवी. नवा परतावा शोधताना एका वर्षाचं गुणोत्तर न घेता पाच-सात वर्षांत नफा किती रुपयांनी वाढला आणि त्यासाठी एकूण किती पैसा आत गेला ते बघावं. आत गेलेल्या पैशात राखलेला नफा, वाढीची जाहिरात आणि नव्याने दिलेले शेअर हे तिन्ही धरावेत. शेअर विसरले तर वाढ फुकट आल्यासारखी दिसते. २०१३-१४ ते २०२३-२४ या दहा वर्षांत कंपनीचा एकूण नफा ३,८६७ कोटींवरून १०,११४ कोटींवर गेला, म्हणजे वर्षाला १० टक्क्यांच्या किंचित वर. शेअरमागचा नफा मात्र १७ रुपये ८८ पैशांवरून ४३ रुपये ५ पैशांवर, म्हणजे वर्षाला ९.२ टक्के. मधला फरक नव्या वाटेकऱ्यांकडे गेला.

राखलेल्या हिश्श्याचंही तसंच. २०२०-२१ मध्ये शेअरमागे नफा ३४ रुपयांच्या आत आणि लाभांश ४० रुपये ५० पैसे, कारण त्यात साडेनऊ रुपयांचा विशेष लाभांश होता. एवढंच वर्ष घेतलं तर राखलेला हिस्सा ऋण येतो आणि सूत्र सांगतं की कंपनी आक्रसत चाललीय. त्याच्याही मागे गेलात तर दुसरा खड्डा आहे. मार्च २०२० पर्यंत लाभांशावरचा कर कंपनी भरायची. २०१३-१४ मध्ये १७ रुपये ८८ पैशांतले १३ रुपये वाटले, म्हणून २७ टक्के राखले असं वाटतं; पण लाभांशावरचा कर धरला तर १५ रुपयांहून जास्त बाहेर गेले होते. सरकारकडे गेलेला पैसा धंद्यात गुंतलेला नसतो.

चार वर्षं एकाच जागी

आता या प्रकरणातला मला सर्वात बोलका वाटणारा भाग. ३१ मार्च २०२० ला हाच शेअर साधारण २,२९८ रुपयांवर होता. टाळेबंदी सुरू होऊन आठवडा झाला होता, बाजार कोसळला होता आणि लोक साबणाच्या कंपनीत आसरा शोधत होते. तेव्हा शेअरमागचा नफा सुमारे ३१ रुपये. चार वर्षांनी नफा ४३ रुपये, म्हणजे ३८ टक्क्यांची वाढ, आणि भाव २,२६४. चार वर्षांत मिळालेला लाभांश दीडशे रुपयांच्या आत. चांगल्या कंपनीचा शेअर घेऊन, नफा वाढत असताना, माणसाला वर्षाला टक्का-दीड टक्काच मिळाला. बचत खात्यातही याहून जास्त मिळाले असते.

भाव फोडला की कारण दिसतं. १२ टक्के दराने मार्च २०२० मध्ये पहिला तुकडा २६० रुपये आणि पीव्हीजीओ २,०३८, म्हणजे भावाचे ८९ टक्के. मार्च २०२४ मध्ये ३५९ आणि १,९०५. आजच्या धंद्याचा तुकडा ९९ रुपयांनी वाढला, वाढीचा तुकडा १३३ रुपयांनी घटला. नफा वाढला हे खरं, पण ती वाढ चार वर्षांपूर्वीच विकत घेतलेली होती. प्रत्यक्षात आलेली वाढ पीव्हीजीओमधून निघून पहिल्या तुकड्यात जाते. भाव वर जायचा तर रिकाम्या झालेल्या जागी नव्या संधींची भर पडावी लागते आणि काळ पुढे सरकला तसं उरलेल्या तुकड्याने आपला १२ टक्के परतावाही कमवावा लागतो. १,९०५ रुपयांच्या तुकड्याला वर्षाला सुमारे २२९ रुपये कमवायचे आहेत. हे ओझं फार मोठं आहे.

त्या ओझ्याच्या मानाने २०२३-२४ या वर्षात काय झालं? विक्री ३ टक्क्यांनी वाढली, त्यात मालाच्या प्रमाणातली वाढ २ टक्के. शेअरमागचा नफा ४२ रुपये ४० पैशांवरून ४३ रुपये ५ पैशांवर. आदल्या वर्षी विक्री १६ टक्क्यांनी वाढली होती, पण तीही बहुतांशी तेल आणि कच्च्या मालाच्या महागाईमुळे भाव वाढवून. माल ५ टक्केच जास्त विकला गेला होता. भावात दहा टक्क्यांची कायमची वाढ गृहीत असताना प्रत्यक्षात दीड टक्का आली, तर पीव्हीजीओ आक्रसणारच. माझ्या मते इथे नफ्यापेक्षा प्रमाणातली वाढ बघणं जास्त उपयोगाचं आहे. नव्या संधी खरोखर आहेत की नुसता भाव वाढवून वेळ मारून नेली जातेय, हे त्यात लवकर दिसतं.

मात्र एक सावधगिरी. पीव्हीजीओ वाढलं म्हणजे संधी वाढल्या असं दर वेळी नसतं. मार्च २०१४ मध्ये हा शेअर सहाशेच्या घरात होता आणि पीव्हीजीओचा वाटा ७५ टक्के. सहा वर्षांत तो ८९ वर गेला. या काळात दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर ८.८ वरून ६.१ टक्क्यांवर आला होता. दर वेळी रोख्यावर चार टक्के जास्त धरून भावातली गृहीत वाढ काढली तर २०१४ मध्ये ती १०.६ टक्के निघते, २०२० मध्ये ९ टक्के आणि २०२४ मध्ये सव्वानऊ. म्हणजे सहाशेचा शेअर तेवीसशेला गेला त्या काळात बाजाराची या कंपनीकडून असलेली अपेक्षा किंचित उतरलीच होती. मोठा भाग घसरत्या व्याजदराचा होता आणि लोकांनी तो कंपनीच्या पराक्रमाच्या खात्यात मांडला.

कायमची वाढ कायमची नसते

आता राहिला तो १२ टक्क्यांचा प्रश्न. १०.१५ टक्के वाढ कायमची हे गृहीतक कुठल्याच कंपनीला पेलत नाही; देशाचं महागाई धरून मोजलेलं उत्पन्न ज्या वेगाने वाढतं, त्या वेगाने साबणाची कंपनी अनंत काळ धावणार, असा त्याचा अर्थ होतो. थोडं उदार होऊ: वीस वर्षं १० टक्के, त्यानंतर ६ टक्के. गेल्या दहा वर्षांतल्या ९.२ टक्क्यांपेक्षा हे जास्तच आहे. पहिला लाभांश ४२ धरून १२ टक्के दराने वीस वर्षांच्या लाभांशांचं आजचं मूल्य ६३५ रुपये येतं आणि त्यापुढच्या सगळ्याचं ४७०. एकूण ११०५ रुपयांच्या आसपास, म्हणजे भावाच्या निम्म्याहूनही कमी.

मग बाजार वेडा होता का? मला तसं वाटत नाही. दर बदलून बघितला तर १० टक्क्यांना मूल्य १,७७५ रुपये होतं आणि साधारण सव्वानऊ टक्क्यांना २,२६४ च्या जवळ येतं. खरा अर्थ असा निघतो की त्या भावाला शेअर घेणारा माणूस, वीस वर्षं सगळं नीट झालं तर, वर्षाला सव्वानऊ टक्क्यांवर समाधान मानत होता. सरकारी रोख्यापेक्षा दोन टक्के जास्त. विमा कंपन्यांसारखे मोठे खरेदीदार कमी हेलकाव्यांच्या शेअरसाठी अशी तडजोड जाणूनबुजून करतात. या दराने पहिला तुकडा ४६५ रुपये होतो आणि पीव्हीजीओचा वाटा ७९ टक्के उरतो. दर कसाही घेतला तरी चार-पंचमांश भाव भविष्यावरच उभा आहे.

ज्याला १२ टक्के हवेत, त्याच्यासाठी त्याच कंपनीचा, त्याच वाढीचा शेअर ११०५ रुपयांचा; ज्याला सव्वानऊ पुरतात, त्याच्यासाठी २,२६४ चा. आणि वीस वर्षांऐवजी दहा टक्क्यांची वाढ पंधरा वर्षांतच थांबली किंवा दहाऐवजी आठवर आली, तर सव्वानऊही हाती लागत नाहीत. म्हणून या शेअरवर नजर ठेवायची तर दर तीन महिन्यांनी येणाऱ्या निकालात निव्वळ नफ्याच्या ओळीआधी मालाच्या प्रमाणातली वाढ आणि जाहिरातीवरचा खर्च वाचावा. जाहिरात कापून नफा वाढलेला दिसला तर जाहीर आकडा सुधारतो, पण वर आपण शोधून काढलेला लपलेला राखीव हिस्सा २१ टक्क्यांवरून खाली येतो आणि ८० टक्के भाव ज्यावर उभा आहे ती गुंतवणूकच कमी झालेली असते.